मूल झोपावं म्हणून दिलेला चमचा

मे महिन्यातल्या एका रात्री साडेबाराच्या सुमारास घणसोलीचं एक जोडपं सव्वादोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन वाशीला, आमच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलं. मी तिथे बालरोगतज्ज्ञ आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आईचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, हिला झोपेचं औषध दिलं आणि ही वेड्यासारखं करायला लागलीय."

मुलगी कडेवर थांबत नव्हती. खाली सोडली की धावायची, दोन पावलांवर तोल जाऊन पडायची, खदखदून हसायची आणि त्याच श्वासात रडायला लागायची. मग मध्येच थांबून हवेतलं काहीतरी चिमटीत पकडल्यासारखं करायची. आईने हाक मारली तर वळून बघायची, पण नजर आईवर ठरत नव्हती. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. त्या रात्री वाशीत एवढी दमट हवा होती, की आम्हा सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते. मी तिच्या काखेत बोट घातलं, तर काख कोरडी ठणठणीत.

त्या कोरड्या काखेकडे नंतर येते. आधी घरी काय घडलं ते सांगते, कारण ते फार घरांमध्ये जसंच्या तसं घडतं.

मुलीला दोन दिवस सर्दी होती. रात्री आठला घरातलं सर्दीचं औषध दिलं गेलं. त्यात क्लोरफेनिरामिन हे गुंगी आणणारं औषध होतं, हे कोणाच्या लक्षात नव्हतं. दहा वाजले तरी ती झोपेना. सकाळी साताऱ्याहून आलेल्या आजीला आठवलं, की मोठ्या नातवाला घाटात गाडी लागते म्हणून आणलेल्या औषधाने तो कसा गाढ झोपतो. ती बाटली घरातच होती. त्यात प्रोमेथाझिन होतं, 5 मिलीत 5 मिलिग्रॅम. बाटलीच्या टोपणाने मोजून 5 मिली दिलं. मुलगी पंधरा मिनिटं पेंगली आणि पावणेअकराला ताडकन उठून बसली. पलंगावर उड्या, किंचाळणं, भिंतीवर हात मारणं सुरू झालं. घरच्यांना वाटलं, औषध कमी पडलं. सव्वाअकराला अंधारात, टोपण सापडेना म्हणून जेवणाच्या चमच्याने दुसऱ्यांदा दिलं. तो चमचा नंतर आम्ही मोजून पाहिला, काठोकाठ भरला तर 10 मिली मावतं. म्हणजे पहिल्यापेक्षा दुप्पट.

सगळा लेख या दुसऱ्या चमच्याबद्दल आहे. पहिल्या चमच्याने मूल उत्तेजित होतं, ते जागं असल्यामुळे औषध "लागलं नाही" असं वाटतं, आणि म्हणून दुसरा चमचा जातो. प्रत्यक्षात औषध लागलेलंच असतं. मूल धावतंय ते त्या औषधामुळेच.

आता हे औषध मुळात झोप कशी आणतं ते बघू. हिस्टामिन म्हटलं की आपल्याला शिंका, खाज, अंगावर पित्त उठणं एवढंच आठवतं. पण हेच रसायन मेंदूतही काम करतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याच्या मागच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्या पेशींचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. आपण जागे असताना त्या पेशी हिस्टामिन सोडत राहतात आणि "जागा राहा" असा निरोप सगळीकडे पोचवतात. आपण झोपलो की त्या गप्प होतात. सर्दीसाठी आणि ॲलर्जीसाठी निघालेली जुनी औषधं, म्हणजे प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन, ही रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि हा निरोप जिथे पोचायचा ती जागा अडवून बसतात. निरोप पोचत नाही, म्हणून गुंगी येते. फेक्सोफेनाडिनसारखी नंतरची औषधं मेंदूच्या वेशीवरच बाहेर ढकलली जातात, म्हणून त्यांनी झोप येत नाही किंवा फार कमी येते.

म्हणजे या औषधांमुळे येणारी झोप हा त्यांचा दुष्परिणाम आहे. आपण तो दुष्परिणामच कामाला लावायला बघतो, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

कारण ही जुनी औषधं एकाच कुलुपाला लागणारी किल्ली नाहीत. हिस्टामिनची जागा अडवताना ती ॲसिटिलकोलिन नावाच्या आणखी एका रसायनाचीही जागा अडवतात. ॲसिटिलकोलिन शरीरात लाळ, घाम, डोळ्याची बाहुली, आतड्याची हालचाल, लघवी बाहेर ढकलणं, हृदयाची गती ताब्यात ठेवणं अशी कितीतरी कामं करतं. मेंदूत त्याचं काम आहे लक्ष एका जागी धरून ठेवणं, समोर दिसतंय त्याचा अर्थ लावणं आणि आठवण पक्की करणं. ते अडलं की माणूस गोंधळतो. मग एकीकडे गुंगी आणि दुसरीकडे गोंधळ, दोन्ही एकाच वेळी. मोठ्या माणसाला यात बहुतेक वेळा गुंगी जास्त जाणवते. लहान मुलात मात्र कधी कधी गोंधळच वरचढ ठरतो.

असं का होतं, याचं एकच ठाम उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही. एक समज असा, की मेंदूचा पुढचा भाग, जो आपल्या हालचालींना आणि भावनांना लगाम घालतो, तो लहानपणी अजून तयार होत असतो. आपण खूप दमलेल्या मुलाला पाहतो ना, डोळे चोळत असतं आणि तरी घरभर हुंदडत असतं, तसंच काहीसं. अर्धवट गुंगीत लगाम आधी सुटतो आणि गाडी थांबण्याआधी उधळते. दुसरं कारण यकृताशी जोडलेलं आहे. यकृतातलं एक विकर यातली काही औषधं तोडतं आणि काही लोकांमध्ये ते जन्मतःच फार वेगाने काम करतं. डायफेनहायड्रामिन घेतल्यावर शांत होण्याऐवजी भडकलेल्या तीन रुग्णांची नोंद 2008 साली प्रसिद्ध झाली, त्यात हे वेगवान विकर आढळलं होतं. तीन रुग्णांवरून नियम काढता येत नाही, पण एकाच घरातल्या दोन मुलांना एकाच बाटलीचा वेगळा अनुभव का येऊ शकतो, याची त्यातून थोडी कल्पना येते. मोठा नातू झोपला म्हणून धाकटी झोपेलच, हा आजीचा हिशेब तिथेच चुकला. कोणतं मूल झोपेल आणि कोणतं उधळेल, हे देण्याआधी ओळखायची काहीही सोय नाही.

या उलट्या परिणामाला खूप जास्त डोस लागतो असंही नाही. त्या मुलीचं वजन 11 किलो होतं. पहिल्या 5 मिलीतून तिला 5 मिलिग्रॅम प्रोमेथाझिन मिळालं, म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. औषधांच्या पुस्तकांच्या हिशेबाने हा छोटा डोस आहे आणि तरीही ती उधळली. नंतरच्या 10 मिलीने एकूण 15 मिलिग्रॅम झालं, वर आठ वाजताचं क्लोरफेनिरामिन होतंच. दोन्ही औषधं एकाच जातीची असल्याने त्यांचा ॲसिटिलकोलिन अडवण्याचा परिणाम एकमेकांवर चढला. पावणेअकराला जे होतं ते उत्तेजन होतं. साडेबाराला माझ्यासमोर जे होतं, ते त्याच्या पुढचं होतं.

या दोन्हींतला फरक घरच्यांना ओळखता येतो, आणि इथेच ती कोरडी काख कामाला येते. नुसतं उत्तेजन असेल तर मूल अस्वस्थ असतं, चिडतं, हसतं, झोपायला तयार नसतं, पण आईला आई म्हणून ओळखतं, तिच्या कुशीत शिरतं, पाणी मागतं, त्याला घाम येतो, ते लघवी करतं. शरीरात ॲसिटिलकोलिन पुरतं अडलं असेल तर घामच येत नाही. अंग गरम आणि कोरडं लागतं, चेहरा लाल होतो, डोळ्याच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या राहतात, तोंड इतकं सुकतं की जीभ टाळूला चिकटते. छातीवर हात ठेवला तर ठोके धाडधाड लागतात. मूल हवेत काहीतरी पकडतं, नसलेल्या गोष्टींशी बोलतं, आईकडे बघूनही ओळखत नाही. आणि लघवी तुंबते. त्या मुलीचा डायपर रात्री आठपासून कोरडा होता, आणि बेंबीखाली हात ठेवल्यावर मूत्राशय संत्र्याएवढं टणक लागत होतं. तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 170 होते.

तिला आम्ही हृदयाचा आलेख काढून, मॉनिटर लावून, मंद दिव्याच्या खोलीत ठेवलं. आई शेजारीच झोपली. शिरेतून पाणी दिलं आणि तुंबलेली लघवी नळीने काढली. विषबाधेवरचा खास उतारा यात बहुतेक वेळा लागत नाही, लागते ती नजर. पोट धुण्याचा किंवा उलटी करवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि घरी तर उलटी कधीच करवू नये, कारण गुंगीतलं मूल ती श्वासनलिकेत ओढून घेऊ शकतं. पहाटे चारच्या सुमाराला काखेत हलकासा ओलावा आला, ठोके 130 वर उतरले, आणि ती आईचा दुपट्टा मुठीत धरून झोपली. मग मात्र दुपारी एकपर्यंत उठली नाही. नर्सने दर अर्ध्या तासाने तिचा श्वास पाहिला.

त्या रात्री भीती उधळण्यापेक्षा श्वासाची जास्त होती. उत्तेजन ओसरल्यावर शरीरातलं औषध संपलेलं नसतं. गुंगी मागाहून येते, आणि ती खोल असेल तर लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो. प्रोमेथाझिन 2 वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, असा चौकटीतला कडक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या औषधावर छापायला लावला, कारण श्वास थांबून मुलं दगावल्याच्या नोंदी होत्या. 2 वर्षांपुढे तो धोका नाहीसा होत नाही. ज्या मुलाचे टॉन्सिल किंवा नाकामागचे ॲडिनॉइड वाढलेले आहेत, जे घोरतं, झोपेत मध्येच श्वास अडकून दचकतं, त्याच्यासाठी तर कोणत्याही गुंगीच्या औषधाने धोका वाढतो. आणि गंमत अशी की "नीट झोपत नाही" म्हणून औषध मिळणाऱ्या मुलांत नेमकी हीच घोरणारी मुलं बरीच असतात. त्यांना झोप न लागण्याचं कारण घशात असतं.

सर्दीच्या बाटलीचं तर आणखी वेगळं प्रकरण आहे. आपल्याकडे मुलांच्या सर्दीच्या बऱ्याच औषधांत क्लोरफेनिरामिन आणि नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन एकत्र असतं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी अशा मिश्रणांवर "4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये" असा इशारा छापायला सांगितला. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 2 वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि 5 वर्षांखालच्यांनाही साधारणपणे टाळावीत, असं कळवलं. सव्वादोन वर्षांच्या त्या मुलीला आठ वाजता दिलेली पहिली बाटलीसुद्धा या हिशेबात बसत नव्हती. पण घरातली बाटली जुनी असते, खोक्यावरची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही, आणि मुलाचं वय बघून औषध न देणारे दुकानदारही आहेत तसे वय न विचारता देणारेही आहेत.

आता कोणी विचारेल, धोका बाजूला ठेवला तर निदान झोप तरी लागते का? याची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत 6 ते 15 महिन्यांच्या 44 बाळांवर एक प्रयोग झाला, तो 2006 साली प्रसिद्ध झाला. ही रात्री वारंवार उठणारी बाळं होती. निम्म्यांना झोपण्याआधी डायफेनहायड्रामिन दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण दिलं, आणि कोणाला काय मिळतंय हे आईवडिलांना माहीत नव्हतं. औषध घेतलेल्या 22 बाळांपैकी एकाची झोप सुधारली. औषध नसलेलं द्रावण घेतलेल्या 22 पैकी तिघांची सुधारली. फायदाच दिसेना म्हणून देखरेख समितीने प्रयोग मध्येच थांबवला. मोठ्या माणसांत डायफेनहायड्रामिन तीन-चार दिवस लागोपाठ घेतलं की शरीराला त्याची सवय होते आणि झोप आणण्याचा परिणाम जवळजवळ संपतो, हेही मोजलं गेलं आहे. म्हणजे रोज रात्री औषध देणाऱ्या घरात चौथ्या-पाचव्या दिवशी डोस वाढवायचा मोह होतो आणि दुसरा चमचा वेगळ्या वाटेने पुन्हा येतो.

त्यात सकाळची गुंगी. प्रोमेथाझिन शरीरातून निम्मं कमी व्हायलाच साधारण अर्धा दिवस जातो. रात्री दहाला दिलेलं औषध दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाही शरीरात असतं. मूल पाळणाघरात पेंगत राहतं, दुपारी तीन तास झोपतं, आणि रात्री अकराला टक्क जागं. आईवडिलांना वाटतं, हिला झोपेचा त्रासच आहे.

घणसोलीच्या मुलीच्या बाबतीत खरी गोष्ट नेमकी इथे सापडली. आई ऐरोलीला आयटी कंपनीत, वडील ठाण्याला. दोघं ट्रान्स-हार्बरने घरी पोचेपर्यंत सात वाजतात. मुलगी पाळणाघरात. मी पाळणाघरातल्या ताईंना फोन लावून विचारायला सांगितलं, तर उत्तर आलं, "दुपारी चारला झोपते, सहाला उठवतो." त्यांनाही दोन तास शांतता मिळायची, त्यात त्यांचा दोष नाही. पण सहाला उठलेलं दोन वर्षांचं मूल रात्री दहाला झोपणार कसं? या वयाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तासांची झोप लागते. दुपारी दोन तास झाली तर उरलेली रात्री होणारच, फक्त उशिरा.

उपाय औषधाच्या दुकानात नव्हता. दुपारची झोप साडेबारा ते अडीच अशी आणायला सांगितली. रात्री आठनंतर हॉलमधला टीव्ही बंद, मोठा दिवा बंद, अंघोळ, आणि रोज तीच एक गोष्ट. पहिले चार दिवस ती संध्याकाळी पाळणाघरातून येताना रिक्षातच पेंगली, तेव्हा आईने गप्पा मारत जागं ठेवलं. मी मुद्दाम सांगितलं होतं, की पहिला आठवडा जड जाईल. तो गेला. तिसऱ्या आठवड्यात ती साडेनऊला झोपायला लागली.

या सगळ्याचा अर्थ ॲलर्जीची औषधं मुलांना कधीच द्यायची नाहीत असा नाही. अंगावर पित्त उठलं, खाज आहे, वसंतात नाक सतत वाहतं, तर योग्य वयाला, वजनावरून ठरवलेल्या मात्रेत, सहसा नवीन औषधांपैकी एखादं डॉक्टर देतात. तुमच्या डॉक्टरांनी असं काही लिहून दिलं असेल तर हा लेख वाचून ते बंद करू नका. फक्त ते औषध झोपेसाठी वापरू नका, आणि एका भावंडाचं दुसऱ्याला देऊ नका.

चुकून दिलं गेलंच आणि मूल उधळलं, तर दुसरा डोस नाही, दुसरं कोणतंही औषध नाही, शांत करायला खोकल्याचं सिरपही नाही. दिवे मंद करा, पलंगावरून खाली गादी घ्या, धारदार आणि काचेच्या वस्तू बाजूला करा, एका माणसाने जवळ बसा. किती वाजता, कोणतं औषध, किती दिलं ते कागदावर लिहा. मूल ओळखत नाही, हवेत पकडतंय, अंग कोरडं आणि गरम आहे, लघवी नाही, झटके येतायत किंवा उठवूनही उठत नाही, तर 108 ला फोन करा किंवा सरळ रुग्णालयात न्या, बाटलीसकट. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या मोफत क्रमांकावर मदत करतं. बाटली सोबत आणलीत तर आमचा अर्धा वेळ वाचतो. त्या रात्री वडिलांनी दोन्ही बाटल्या आणि तो जेवणाचा चमचा खिशात घालून आणला होता, त्यामुळेच मला दहा मिनिटांत हिशेब लागला.

पंधरा दिवसांनी आजीही सोबत आल्या. त्यांनी पिशवीतून घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या, आठ होत्या. "डॉक्टर, मला इंग्रजी वाचता येत नाही. यातल्या कुठल्या बाटलीत ते आहे, खूण करून द्या." मी तिघींवर लाल पेनाने फुली मारली. चौथीत सेटिरिझिन होतं. ते नवीन गटातलं असलं तरी काही मुलांना त्याने गुंगी येते आणि क्वचित एखादं मूल चिडचिडंही होतं, म्हणून तिच्यावर मोठ्या नातवाचं नाव लिहिलं. आजींनी फुलीच्या तिन्ही बाटल्या उचलून माझ्याकडेच सरकवल्या आणि म्हणाल्या, "या घरी परत नेत नाही."